स्क्रीन काळी, पण फोन चालू: फोटो आणि नंबर बाहेर कसे काढायचे?

मृण्मयी_१९
अँड्रॉइड १२ असलेला फोन आहे. पडल्यापासून स्क्रीन पूर्ण काळी. फोन मात्र जिवंत आहे: कॉल आला की वाजतो, थरथरतो, चार्जर लावला की आवाज येतो. टच गेलाय, कारण कॉल आल्यावर अंदाजाने स्वाइप केलं तरी उचलला जात नाही. पिन सहा आकडी आहे आणि तो पाठ आहे. बोटाच्या ठशाचा सेन्सर बाजूच्या बटणात आहे. यूएसबी डीबगिंग कधीच चालू केलेलं नव्हतं. लॅपटॉपला (विंडोज) लावला की फोनचं नाव दिसतं, आत काहीही दिसत नाही. फोटो चार हजारांच्या आसपास आहेत, आणि बरेच नंबर बहुतेक फोनमध्येच सेव्ह केलेत. दुरुस्तीत रस नाही, फक्त डेटा हवाय. एकदा बंद करून चालू करून बघू का?

खटपट्या
बंद करू नका, आणि बॅटरीही संपू देऊ नका. आधी चार्जरला लावा, मग पुढचं वाचा.

कारण असं आहे. फोन सुरू झाल्यावर पहिल्यांदा पिन टाकला जातो तेव्हाच फोटो आणि नंबर ज्या किल्लीने कुलूपबंद असतात ती किल्ली मोकळी होते. त्यानंतर स्क्रीन लॉक झाली तरी किल्ली फोनच्या मेमरीत राहते, म्हणून बोटाचा ठसाही चालतो. फोन बंद करून चालू केला की सगळं परत पहिल्या पायरीवर जातं. मग ठसा चालत नाही, पिन टाकावाच लागतो. तुम्हाला पिन आठवतोय म्हणून सगळं संपेल असं नाही, पण हातातलं एक साधन उगाच जाईल. शिवाय बरेच तास पिन टाकला नाही तर फोन स्वतःहूनही ठसा नाकारून पिन मागतो. साधारणपणे ही मुदत ७२ तासांची असते. तेव्हा हे काम पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

दुसरं, दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर `contacts.google.com` आणि `photos.google.com` उघडा. आपलं काहीच गूगलवर नाही असं अनेकांना वाटतं आणि तिथे अर्ध्याहून जास्त सापडतं. नेमकं काय नाही ते कळलं की काम निम्मं होतं.

निळासावळा
एवढ्या खटपटीची गरज नाही. फोन रिकव्हरी मोडमध्ये न्यायचा आणि एडीबीने, म्हणजे संगणकावरून फोनला आज्ञा देणाऱ्या साधनाने, फाइल्स ओढून घ्यायच्या. त्या मोडमध्ये डीबगिंगची परवानगी लागत नाही. तेही जमलं नाही तर मेमरीची चिप काढून वाचता येते.

खटपट्या
निळासावळा, जुन्या फोनवर हे दोन्ही खरं होतं. आता नाही. कंपनीच्या मूळ रिकव्हरीमध्ये एडीबी फक्त अपडेटची फाइल आत पाठवण्यापुरतं चालतं, आतलं बाहेर देत नाही. फाइल्स देणारी वेगळी रिकव्हरी बसवायची तर बूटलोडर उघडावा लागतो, आणि बूटलोडर उघडताना फोन स्वतःच सगळा डेटा पुसतो. काळ्या स्क्रीनवर बटणं दाबत रिकव्हरीत शिरणं तर फारच धोक्याचं, कारण त्याच यादीत फॅक्टरी रीसेटही असतो आणि आपण कुठल्या ओळीवर आहोत हे दिसत नाही.

तांब्याची_तार
चिपबद्दल मी सांगतो, रोजचं काम आहे. चिप काढता येते, वाचताही येते, पण हाती लागतो तो निव्वळ गोंधळ. किल्लीचा एक भाग प्रोसेसरच्या आत असतो आणि तो बाहेर निघत नाही. अँड्रॉइड १० सह बाजारात आलेल्या आणि त्यानंतरच्या सगळ्या फोनमध्ये हे कुलूप सक्तीचं आहे. त्यामुळे मूळ बोर्ड जिवंत ठेवणं आणि पिन माहीत असणं, या दोन गोष्टींवर सगळं उभं आहे. मृण्मयीताई, तुमच्याकडे दोन्ही आहेत.

पारा
डिलीट झालेले फोटो परत आणायचे असतील तर मेमरी कार्डसाठी बरीच रिकव्हरी सॉफ्टवेअर मिळतात. कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घाला, स्कॅन करा.

मृण्मयी_१९
पारा, फोटो डिलीट झालेले नाहीत, फोनमध्येच आहेत. मला ते दिसत नाहीत एवढंच. कार्डही नाही.

खटपट्या, बघितलं. `contacts.google.com` वर ११२ नंबर आहेत, फोनमध्ये याच्या तिप्पट असतील. फोटो दोन वर्षांपूर्वीपर्यंतचेच आहेत, त्यानंतर बॅकअप बंद झालेला दिसतोय.

खटपट्या
ठीक. म्हणजे फोन उघडावाच लागणार. आता तीन प्रश्न. फोनचं टाइप-सी पोर्ट टीव्हीला चित्र पाठवू शकतं का? घरी यूएसबीचा साधा, तारेचा कीबोर्ड आहे का? आणि फोनला कीबोर्ड-माऊस जोडता येईल असा ओटीजी अडॅप्टर किंवा टाइप-सी हब आहे का?

पहिल्याचं उत्तर 'हो' असेल तर बाकीचं फारसं लागत नाही. सॅमसंगची एस मालिका एस८ पासून आणि पिक्सेल ८ पासून पुढचे फोन एचडीएमआय असलेल्या हबमधून मॉनिटरवर चित्र देतात. त्याच हबला माऊस-कीबोर्ड लावला की फोन संगणकासारखा वापरता येतो. मधल्या किमतीच्या बहुतेक फोनच्या पोर्टमध्ये मात्र ही सोय नसते. तिथे कितीही महागडा हब आणला तरी मॉनिटर कोराच राहतो, तेव्हा आधी मॉडेलची माहिती बघा आणि मगच हब घ्या.

मृण्मयी_१९
माझ्या फोनचं पोर्ट यूएसबी २.० आहे, चित्राची सोय नाही असं कंपनीच्या पानावर लिहिलंय. तारेचा कीबोर्ड आहे. ओटीजी अडॅप्टरही आहे.

खटपट्या
मग कीबोर्डने आंधळेपणाने चालवायचा. दिसत नसेल तर ऐकायचं, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा टॉकबॅक. उत्तरा इथे असतील तर त्यांनी सांगावं, त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

फक्त कीबोर्डचा भाग मी सांगतो. फोन ८० टक्क्यांच्या वर चार्ज करून घ्या, कारण कीबोर्ड लावल्यावर पोर्ट अडकतं आणि कीबोर्डला वीजही फोनच देतो. मग अडॅप्टरमधून कीबोर्ड लावा आणि कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागला-विझला तर फोनने कीबोर्ड ओळखलाय, कारण तो दिवा कीबोर्ड स्वतः लावत नाही, फोनच्या सांगण्यावरून लागतो. दिवा मेलेलाच राहिला तर ओटीजी बंद आहे. काही कंपन्यांच्या फोनमध्ये, ओप्पो, विवो, रिअलमी, वनप्लस वगैरे, ओटीजीचा वेगळा स्विच सेटिंगमध्ये असतो आणि थोडा वेळ न वापरल्यास तो आपोआप बंद होतो. तसं निघालं तर दुसरा रस्ता आहे, तो नंतर.

दिवा लागला की बाजूचं बटण नखाने एकदा दाबून फोन जागा करा. नखाने अशासाठी की ठसा लागून फोन आधीच उघडला तर तुमचा पिन भलत्याच ठिकाणी टाइप होईल. स्पेसबार दाबा, दोन सेकंद थांबा, सहा आकडे सावकाश टाइप करा, एंटर. स्पेसबारनंतर थांबणं महत्त्वाचं आहे. पिनची चौकट वर सरकत असताना टाइप केलेला पहिला आकडा हरवतो आणि पिन बरोबर असूनही चूक ठरतो. पाच वेळा चुकलं की फोन साधारण ३० सेकंद काहीच स्वीकारत नाही. म्हणून दोन प्रयत्न फसले तर तिथेच थांबा, मिनिटभर जाऊ द्या आणि मग पुन्हा करा.

तांब्याची_तार
इथे एक भर. पडलेल्या फोनमध्ये टच कधीकधी मेलेला नसतो, वेडा झालेला असतो. तुटलेली काच स्वतःच कुठेकुठे 'बोट लागलं' असं सांगत राहते. मग तुम्ही कीबोर्डने बरोबर पिन टाकता आणि मधूनच काच स्वतःचे दोन आकडे घालते. ओळखायचं कसं? फोन न हलवता पडून असताना टकटक आवाज किंवा हलकी थरथर येत राहते, आणि टॉकबॅक चालू झाल्यावर तो हात न लावता बडबडायला लागतो. असं असेल तर पिन टाकणं ताबडतोब थांबवा. आधी फोन उघडून डिस्प्लेचा कनेक्टर काढावा लागेल, नाहीतर चुकीच्या प्रयत्नांची संख्या वाढत जाते आणि थांबण्याचा वेळही.

उत्तरा
टॉकबॅक मी रोज वापरते, म्हणून क्रमाने लिहिते.

फोन पिनने उघडल्यावर लगेच आवाज वाढवण्याची आणि कमी करण्याची दोन्ही बटणं एकत्र तीन सेकंद धरून ठेवा. लॉक असताना धरलीत तर बऱ्याच फोनवर काहीच होत नाही, कारण लॉक स्क्रीनवर हा शॉर्टकट बंद असतो. पहिल्यांदाच वापरत असाल तर स्क्रीनवर एक चौकट येते, पण ती दिसत नाही याची सोय केलेली आहे: फोन बोलून सांगतो की बटणं सोडा, आणि टॉकबॅक चालू करायला पुन्हा तीन सेकंद दाबून धरा. तसं करा. टॉकबॅक सुरू झाला की तुम्ही कुठे आहात ते ऐकू येईल. फोनची भाषा मराठी असेल तर बटणांची नावंही मराठीतच बोलली जातील. मी खाली इंग्रजी नावं देतेय.

पुढे सगळं कीबोर्डने. टॅब म्हणजे पुढचं बटण, बाण म्हणजे यादीत वर-खाली, एंटर म्हणजे दाबणं, एस्केप म्हणजे मागे. टॅब फक्त दाबता येण्याजोग्या गोष्टींवर थांबतो. साधा मजकूर ऐकायचा असेल तर ऑल्ट धरून उजवा बाण, आणि काही आवृत्त्यांमध्ये ऑल्टसोबत शिफ्टही धरावं लागतं. विंडोजची कळ आणि एन एकत्र दाबलं की सूचनांचा पडदा खाली येतो. त्यात टॅब करत करत `Settings` ऐकू येईपर्यंत जा आणि एंटर.

घाई करू नका. प्रत्येक टॅबनंतर बोलणं पूर्ण होऊ द्या. नव्याने वापरणारे लोक बोलणं संपायच्या आत पुढे जातात आणि मग ऐकलेलं नाव एका बटणाचं आणि एंटर दुसऱ्यावर, असं होतं.

मृण्मयी_१९
उत्तराताई, खूप आभार. पिन बसला, दुसऱ्या प्रयत्नात. टॉकबॅक बोलतोय! `Settings` पर्यंत पोचले. आता कीबोर्ड काढून लॅपटॉपला लावला तर फाइल्स दिसतील ना?

खटपट्या
अजून नाही. कीबोर्ड काढू नका.

पोर्ट एकच आहे, आणि अडचण तिथेच येते. तुम्ही लॅपटॉप लावता तेव्हा फोन 'फक्त चार्जिंग' धरतो आणि फाइल्स द्यायच्या का ते स्क्रीनवर विचारतो. त्या वेळी उत्तर द्यायला कीबोर्ड लावलेला नसतो. म्हणून उत्तर आधीच देऊन ठेवायचं.

`Settings` मध्ये वरच शोधाची चौकट आहे, तिच्यावर एंटर करा आणि `build number` टाइप करा. बाणाने खाली येऊन निकालावर एंटर. त्या ओळीवर पोचलात की सात वेळा एंटर. मधे पिन मागेल, तो टाका. शेवटी टॉकबॅक सांगेल की तुम्ही डेव्हलपर झालात. शाओमीच्या फोनवर हीच गोष्ट आवृत्तीच्या ओळीवर करावी लागते.

मग पुन्हा शोधात `default usb` टाइप करा. `Default USB configuration` उघडा आणि `File transfer` निवडा. त्यानंतर `stay awake` शोधा आणि ते चालू करा. म्हणजे चार्जिंग चालू असताना फोन झोपणार नाही आणि पुन्हा पुन्हा उघडावा लागणार नाही. हे दोन झाले की कीबोर्ड काढा, लॅपटॉपची तार लावा आणि बाजूच्या बटणावर बोट ठेवा. फोन उघडला की फाइल्स न विचारता समोर येतात. तुमचा ठसा बाजूच्या बटणात आहे, हे तुमचं नशीब. सेन्सर स्क्रीनखाली असता तर मेलेल्या स्क्रीनबरोबर तोही गेला असता, कारण त्यातले बरेचसे स्क्रीनच्याच उजेडावर बोट वाचतात.

निळासावळा
डेव्हलपर पर्यायांत शिरलाच आहात तर यूएसबी डीबगिंगही चालू करा आणि मग `scrcpy` लावा. पूर्ण स्क्रीन लॅपटॉपवर दिसेल. या बाबतीत तरी मी बरोबर असेन.

खटपट्या
बरोबर आहात, आणि जमलं तर तोच सर्वांत सुखाचा मार्ग. चित्र काचेकडून येत नाही, फोनच्या आतून येतं, त्यामुळे काच मेली असली तरी लॅपटॉपवर सगळं स्वच्छ दिसतं. अडचण एकच. लॅपटॉप पहिल्यांदा जोडला की 'या संगणकाला परवानगी द्यायची का' अशी चौकट फोनच्या काळ्या स्क्रीनवर येते. तोवर `adb devices` मध्ये फोनसमोर `unauthorized` दिसत राहतं. टच असेल तर टॉकबॅकने ती चौकट दाबता येते. टच नसेल तर पोर्ट लॅपटॉपने अडवलेलं, कीबोर्ड बाहेर.

त्यावर उपाय म्हणजे ब्लूटूथ कीबोर्ड. तारेचा कीबोर्ड लावलेला असतानाच टॉकबॅकच्या आधाराने ब्लूटूथची जोडणी करून ठेवायची. मग पोर्ट मोकळं होतं आणि परवानगीची चौकट ब्लूटूथ कीबोर्डवरून टॅब-एंटरने दाबता येते. आधी कधी परवानगी दिलेला संगणक असेल तरी त्यावर विसंबू नका. अँड्रॉइड ११ पासून तो संगणक सात दिवस जोडला गेला नाही तर परवानगी आपोआप रद्द होते, तुम्ही ती मुदत मुद्दाम बंद केली नसेल तर.

आणि मघाशी म्हटलेला दुसरा रस्ता. ओटीजी चालतच नसेल तर `scrcpy` चा एक वेगळा प्रकार आहे, ज्याला डीबगिंग लागतच नाही:

```
scrcpy --otg
```

यात फोनचं चित्र येत नाही, फक्त लॅपटॉपचा कीबोर्ड-माऊस साध्या चार्जिंगच्या तारेतून फोनला जोडलेल्या कीबोर्ड-माऊससारखा चालतो. माऊस त्या खिडकीत अडकला तर डावं ऑल्ट दाबून सुटतो. लिनक्सवर हे सरळ चालतं.

तांब्याची_तार
विंडोजवर मात्र हे दगा देतं. विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर फोन धरून बसतो आणि `scrcpy` ला तो उघडता येत नाही. कधी `adb kill-server` दिल्यावर चालतं, कधी नाही. ड्रायव्हर बदलला तर हे चालतं पण फाइल्सचा फोल्डर दिसेनासा होतो. आमच्याकडे यासाठी पेनड्राइव्हवरून सुरू होणारं लिनक्स ठेवलेलं आहे.

खटपट्या
माझ्या विंडोजवर ड्रायव्हर न बदलता चाललंय, पण त्या फोनचा एडीबी ड्रायव्हर आधीपासून बसवलेला होता. त्यामुळे चाललं ते नेमकं कशामुळे, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

सुलभा_काकू
माझा प्रश्न थोडा वेगळा. आयफोन आहे, स्क्रीन तशीच काळी, पासकोड माहीत आहे. लॅपटॉपवर याआधी आयफोन जोडून त्याचा बॅकअप घेतलेला आहे. वरचं सगळं मला लागू पडतं का?

खटपट्या
काकू, तत्त्व तेच, पायऱ्या वेगळ्या. तो लॅपटॉप फोनने आधीच विश्वासाचा मानलेला आहे हे फार चांगलं. तरी अलीकडच्या आयओएसमध्ये प्रत्येक बॅकअपच्या वेळी फोनवर पासकोड टाकावा लागतो, म्हणजे आंधळेपणाने टाइप करणं टळत नाही. सिरी चालू असेल तर तिला व्हॉइसओव्हर चालू करायला सांगा, मग फोन बोलायला लागेल. तुमचा टच जिवंत असेल तर तेवढ्यावर काम होतं. टच मेला असेल तर कीबोर्ड लागेल, आणि इथे एक अडथळा आहे: फोन लॉक होऊन तास उलटला की तो तारेने जोडलेली नवी उपकरणं ओळखत नाही, आधी उघडा म्हणतो. आयफोन १५ किंवा पुढचा असेल तर टाइप-सीमधून मॉनिटरवर चित्रही मिळतं. आधी `icloud.com` वर काय आहे ते बघा आणि आयफोनसाठी वेगळा धागा काढा, इथे दोन्ही मिसळले तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल.

मृण्मयी_१९
फाइल्स दिसल्या! `DCIM` फोल्डर उघडला, फोटो आहेत. एकदम सगळे निवडून कॉपी केलं तर विंडोज 'मोजतोय' म्हणत अडकून राहिलं. मग रद्द केलं.

खटपट्या
या प्रकारच्या जोडणीत विंडोज प्रत्येक फाइलची माहिती फोनला एकेक करून विचारतं. चार हजार फाइल्स एकदम दिल्या की ते घुसमटतं. `Camera` फोल्डर उघडा, तारखेने लावा आणि पाचशे-पाचशेचे गट करून घ्या. प्रत्येक गटानंतर दोन्हीकडची फाइलसंख्या जुळवा. मधे एखादी फाइल वगळल्याचा संदेश येतो आणि पटकन नजरेआड होतो.

`DCIM` शिवाय `Pictures` आणि `Download` घ्या. व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो वेगळ्या ठिकाणी असतात आणि लोक नेमके तेच विसरतात:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media
```

अशा कॉपीत फाइलची तारीख कधीकधी आजची होते. कॅमेऱ्याच्या फोटोंना त्रास नाही, काढल्याची तारीख फोटोच्या आत लिहिलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोंमध्ये ती नसते, पण फाइलच्या नावात असते, म्हणून नावं बदलू नका. ज्यांच्याकडे डीबगिंग चालू आहे त्यांनी हे वापरावं, तारखा टिकतात आणि वेगही बरा मिळतो:

```
adb pull -a /sdcard/DCIM
```

मृण्मयी_१९
फोटो सगळे आले, संख्या जुळली. व्हॉट्सअ‍ॅपचेही घेतले. आता नंबर. फोल्डरमध्ये कुठेच दिसत नाहीत.

उत्तरा
नंबर फाइलच्या रूपात नसतात, फोनच्या आतल्या डेटाबेसात असतात आणि तो केबलने दिसत नाही. म्हणून फोनलाच त्यांची फाइल करायला लावायची. लॅपटॉपची तार काढा, कीबोर्ड पुन्हा लावा. टॉकबॅक अजून चालूच असेल.

`Contacts` उघडा. गूगलचं अ‍ॅप असेल तर खालच्या पट्टीत `Fix & manage` किंवा नव्या आवृत्तीत `Organize` ऐकू येईल. आत `Export to file` आहे. तिथे कुठल्या खात्यातले नंबर ते विचारतं, त्यात `Device` नक्की निवडा, कारण तुम्हाला हवे आहेत ते तिथलेच. मग फाइल कुठे ठेवायची ते विचारणारी खिडकी येते. टॅब करत `Save` पर्यंत जा. फाइल सहसा `Download` मध्ये जाते. ती लॅपटॉपवर घ्या.

मृण्मयी_१९
`contacts.vcf` मिळाली, पण बिघडलेली वाटतेय. नोटपॅडमध्ये उघडली तर इंग्रजी नावं ठीक आहेत आणि मराठी नावांच्या जागी हे:

```
N;CHARSET=UTF-8;ENCODING=QUOTED-PRINTABLE:;=E0=A4=86=E0=A4=88;;;
```

निम्मे नंबर मराठीत सेव्ह केलेले आहेत. पुन्हा एक्सपोर्ट करू का?

खटपट्या
काही बिघडलेलं नाही. अँड्रॉइड जुन्या पद्धतीची व्हीकार्ड लिहितो, त्यात इंग्रजीखेरीजची अक्षरं अशी आकड्यांत लिहिली जातात. `=E0=A4=86` म्हणजे 'आ' आणि `=E0=A4=88` म्हणजे 'ई'. तुम्ही दिलेली ओळ 'आई' या नावाची आहे. फाइलमध्ये हात घालू नका, सेव्ह करू नका, आहे तशी `contacts.google.com` वर इम्पोर्ट करा. नावं नीट दिसतील.

आधी फक्त मोजून घ्या. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, फाइल असलेल्या फोल्डरमधून:

```
find /c "BEGIN:VCARD" contacts.vcf
```

जो आकडा येईल तेवढे नंबर फाइलमध्ये आहेत.

डीबगिंगवाल्यांसाठी आणखी एक, यात अ‍ॅपमध्ये शिरावंच लागत नाही:

```
adb shell content query --uri content://com.android.contacts/data/phones --projection display_name:data1 > numbers.txt
```

हे कमांड प्रॉम्प्टमध्ये चालवा, पॉवरशेलमध्ये नको. पॉवरशेल फाइलमध्ये लिहिताना अक्षरांची मांडणी बदलतं आणि मराठी नावांचा खरोखरच चिखल होतो. तो मग परत दुरुस्त होत नाही.

मृण्मयी_१९
२४७ आले. इम्पोर्ट केले, मराठी नावं व्यवस्थित दिसतायत. काही नंबर दोनदा झालेत, पण ते एकत्र करण्याचा पर्याय तिथेच दिसतोय. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश राहिले, पण त्यांच्यावाचून अडत नाही.

पारा
मघाशी मी प्रश्न नीट वाचला नव्हता, क्षमस्व. आता माझाच प्रश्न विचारतो, कारण माझ्याकडे असाच फोन पडून आहे. टच मेलेला, चित्राची सोय नाही, बोटाचा ठसा लावलेला नाही, आणि लॉक पिनचा नाही, पॅटर्नचा आहे. पॅटर्न आठवतो. कीबोर्डने तो कसा काढायचा?

उत्तरा
कीबोर्डने पॅटर्न काढता येत नाही. माऊसने काढता येतो, पण बाण कुठे आहे ते दिसायला हवं. टॉकबॅक ठिपक्यांवरून जाताना काही सांगतो खरा, तरी माऊसने न बघता नऊ ठिपक्यांतून जाणं मी कोणाला जमलेलं ऐकलेलं नाही.

खटपट्या
माऊस एका कोपऱ्यात ढकलून तिथून मोजून सरकवायचा, असा विचार केला जातो. पण माऊस जितक्या वेगाने हलतो त्यानुसार अंतर बदलतं, त्यामुळे मोजमाप जुळत नाही. कोणी प्रोग्रॅम करता येणारा यूएसबी बोर्ड माऊससारखा वापरून हे जमवलं असेल तर इथे जरूर लिहा. ठराविक आकाराच्या पावलांनी सरकवल्यास चालायला हवं असं वाटतं, पण ठिपक्यांची नेमकी जागा प्रत्येक मॉडेलची वेगळी आहे.

तांब्याची_तार
पारा, तुमच्यासाठी स्क्रीनच लागेल, पण चिकटवायची गरज नाही. त्याच मॉडेलचा वापरलेला किंवा साधा डिस्प्ले तात्पुरता जोडायचा, पॅटर्न काढायचा, डेटा घ्यायचा. डिस्प्ले बदलल्याने डेटाला काही होत नाही, तो बोर्डवर असतो.

मागचं झाकण गरम करून उघडायचं, मधली पट्टी स्क्रू काढून बाजूला करायची, आणि सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा. मगच डिस्प्लेचा. बॅटरी जोडलेली असताना डिस्प्लेचा कनेक्टर ओढला की प्रकाशाच्या सर्किटला झटका बसतो आणि मग नवा डिस्प्लेही अंधाराच राहतो. बॅटरी काढल्यामुळे फोन बंद होणार, पण तुमच्याकडे पॅटर्न आहे म्हणून हरकत नाही. ज्यांना फक्त ठसा चालतो आणि पिन किंवा पॅटर्न आठवत नाही, त्यांनी मात्र या वाटेला जाऊ नये.

उघडलंच आहे तर नवा डिस्प्ले मागवण्याआधी एक करा. जुन्याचाच कनेक्टर काढून, साफ करून परत बसवा. पडल्यावर काच शाबूत आहे पण चित्र गेलं, अशा फोनमध्ये तो कधीकधी नुसता उचकटलेला असतो. काचेला तडे असतील तर यात वेळ घालवू नका. तुमच्या फोनच्या काचेची अवस्था काय आहे?

पारा
एका कोपऱ्यात बारीक तडा आहे, बाकी काच नीट आहे. दाबलं की क्षणभर खालच्या बाजूला हिरवी रेघ येते.

तांब्याची_तार
रेघ येते म्हणजे डिस्प्लेपर्यंत काहीतरी पोचतंय. कनेक्टरही असू शकतो, कोपऱ्यातल्या तड्याने आतली पट्टीही गेली असू शकते, बाहेरून सांगता येत नाही. आता दाबून बघणं बंद करा, प्रत्येक दाबाने तडा पुढे सरकतो. उघडून कनेक्टर बसवा, मग काय दिसतं ते लिहा.